तारे, युनिटे आणि सोळाशे तास : कोरेगावच्या उन्हाळ्यात एसीचे ऊर्जा-लेबल वाचताना

सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावात एसी घेणारे कुटुंब यंत्राआधी बहुधा त्याच्या लेबलाचे छायाचित्र पाहते. कारण पसंतीचे मॉडेल गावातल्या दुकानात मांडलेले असतेच असे नाही, आणि साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेल्या चार-पाच छायाचित्रांवरून घरात चर्चा होऊन निर्णय घेतला जातो. या छायाचित्रात सर्वांत ठळक दिसतात ते तारे, त्याखालोखाल वर्षभरात लागणाऱ्या विजेच्या युनिटांचा मोठा आकडा, आणि बारीक अक्षरांमुळे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात त्या खालच्या ओळी. प्रत्यक्षात ताऱ्यांचा आणि युनिटांचा अर्थ त्या खालच्या ओळींशिवाय लागत नाही.

हे लेबल देते ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, ही केंद्र सरकारची संस्था. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ या कायद्याखाली ती २००२ साली स्थापन झाली, तिची तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि घरगुती एसीवर लेबल लावणे २०१० पासून सक्तीचे झाले. सुरुवातीच्या लेबलावर यंत्राची कार्यक्षमता एकाच ठरावीक तापमानाला मोजून दिली जात असे. इन्व्हर्टर एसी, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो असा एसी, बाजारात रुळू लागल्यावर ही पद्धत अपुरी ठरली, कारण अशा यंत्राची खरी बचत ते अर्ध्या क्षमतेने चालत असताना होते. म्हणून २०१८ पासून साध्या आणि इन्व्हर्टर अशा दोन्ही प्रकारांना आयएसईईआर हे एकच माप सक्तीने लागू झाले. संपूर्ण हंगामात यंत्राने खोलीतून बाहेर काढलेली एकूण उष्णता भागिले त्यासाठी खाल्लेली एकूण वीज, असे हे गुणोत्तर आहे. ते ५.२० असेल तर यंत्र एक युनिट विजेत सरासरी ५.२० युनिट उष्णता बाहेर टाकते, असा त्याचा अर्थ होतो.

ताऱ्यांची संख्या याच गुणोत्तरावरून ठरते, परंतु कोणत्या गुणोत्तराला किती तारे द्यायचे याचे कोष्टक कायम राहत नाही. २०१८ च्या कोष्टकात ४.५० किंवा त्याहून अधिक आयएसईईआर असलेल्या यंत्राला पाच तारे मिळत. १ जुलै २०२२ पासून त्याच पाच ताऱ्यांसाठी ५.०० ची अट आली आणि चार ताऱ्यांचा पट्टा ४.४० ते ४.९९ असा झाला. त्यामुळे ४.६० गुणोत्तराचे एकच यंत्र जून २०२२ मध्ये पाच ताऱ्यांचे होते आणि जुलैमध्ये चार ताऱ्यांचे झाले, मात्र त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये किंवा तांब्याच्या नळ्यांमध्ये तसूभरही फरक पडला नव्हता. तीन ताऱ्यांची खालची मर्यादाही तेव्हाच ३.५० वरून ३.८० वर गेली, आणि जानेवारी २०२६ पासून कोष्टक पुन्हा कडक करण्यात आले. यासाठीच लेबलावर ते कोणत्या कालावधीत वैध आहे याच्या तारखा छापलेल्या असतात. जुना साठा विकणाऱ्याने किंवा वापरलेला एसी काढणाऱ्याने पाठवलेल्या छायाचित्रात नेमक्या या तारखा कडेने कापल्या गेल्या असतील, तर केवळ ताऱ्यांवरून दोन यंत्रांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. दोन्हींचे आयएसईईआर शेजारी ठेवूनच ती करावी लागते.

वार्षिक युनिटांचा आकडा वाचताना वेगळी चूक होते. हा आकडा यंत्राच्या आकारावरही अवलंबून असतो. आकार सांगण्यासाठी बाजारात ‘टन’ हा शब्द वापरतात, पण लेबलावर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये दिलेली असते. एक टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट, या हिशेबाने दीड टन म्हणजे जवळपास ५,२७५ वॅट व्हायला हवेत. प्रत्यक्षात दीड टनाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या लेबलावर त्याहून कमी क्षमताही आढळते. जुलै २०२२ च्या कोष्टकाप्रमाणे तारे धरले, तर ३,५०० वॅट क्षमतेच्या, ३.९० आयएसईईआर असलेल्या तीन तारांकित यंत्राच्या लेबलावर वर्षाला सुमारे ६९५ युनिटे दिसतील आणि ५,००० वॅट क्षमतेच्या, ५.२० आयएसईईआर असलेल्या पाच तारांकित यंत्रावर सुमारे ७४५. पहिल्याचा आकडा कमी आहे तो यंत्र लहान असल्यामुळे, कार्यक्षम असल्यामुळे नव्हे. मोठ्या खोलीत ते बसवले तर ते सतत पूर्ण जोराने धावत राहील आणि लेबलावरचा आकडा मागे टाकील.

क्षमता, आयएसईईआर आणि वार्षिक युनिटे हे तीन आकडे एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत, आणि अस्पष्ट छायाचित्र तपासण्याचे उत्तम साधन यातूनच मिळते. लेबलासाठी वर्षाकाठी १,६०० तास वापर धरला जातो. बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान धरून हे तास प्रत्येक अंशाला वाटून दिलेले असतात. बाहेर २३ अंश असताना थंडाव्याची गरज शून्य आणि ३५ अंशांना ती यंत्राच्या पूर्ण क्षमतेइतकी, असे गृहीत धरले जाते. अर्ध्याहून अधिक तास ३० अंशांखालच्या सौम्य हवेचे असल्यामुळे सरासरी गरज पूर्ण क्षमतेच्या निम्म्याहून थोडी कमी निघते, आणि १,६०० तासांचे काम पूर्ण जोराच्या सुमारे ७७५ तासांइतके भरते. म्हणून वार्षिक युनिटांना आयएसईईआरने गुणून क्षमतेने, म्हणजे वॅटला हजाराने भागून आलेल्या किलोवॅटने, भागले की उत्तर ७७५ च्या आसपास यायला हवे.

एका छायाचित्रात क्षमता ५,००० वॅट, वार्षिक वापर ७४४.७५ युनिटे आणि आयएसईईआर ५.२० असा दिसतो असे धरू. ७४४.७५ गुणिले ५.२० म्हणजे ३,८७२.७, आणि त्याला ५ ने भागल्यावर ७७४.५ येतात, म्हणजे तिन्ही आकडे नीट वाचले गेले आहेत. दिव्याची तिरीप चकचकीत कागदावर पडून ५ चा आकडा ३ सारखा दिसला आणि आयएसईईआर ३.२० असा वाचला गेला, तर हेच उत्तर ४७७ येईल आणि चूक लगेच उघडी पडेल. ७४४ च्या जागी ७८४ वाचले तर उत्तर ८१६ येते. तेही संशय घेण्याइतके दूर आहे. मात्र ५.२० आणि ५.२६ यांतला फरक या कसोटीला ओळखता येत नाही, कारण तेवढी एक-दीड टक्क्याची तफावत यंत्रायंत्रांतही असू शकते. दशांश चिन्ह पुसट होऊन ७४४७५ असे दिसणे ही तर छायाचित्रांतली नेहमीची गोष्ट आहे. तिन्ही आकडे जुळत असूनही लेबल दुसऱ्याच मॉडेलचे असणे शक्य असते, विशेषतः विक्रीच्या जाहिरातीत एकाच मालिकेतील निरनिराळ्या आकारांच्या यंत्रांसाठी एकच चित्र वापरलेले असते तेव्हा. म्हणून लेबलावरचा मॉडेल क्रमांक खोक्यावरील आणि बाहेरच्या युनिटच्या धातूच्या पट्टीवरील क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. बीईईच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकावरून नोंदणीकृत आकडेही पाहता येतात.

आता राहिला तो १,६०० तासांचा प्रश्न, आणि लेबल कोरेगावच्या घरात आणायचे तर खरे काम इथेच आहे. येथे एसीची गरज मुख्यतः मार्चच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत भासते. केवळ झोपण्याच्या खोलीत, रोज आठ तास, असे ८० रात्री यंत्र चालले, तर एकूण ६४० तास होतात, म्हणजे लेबलाने धरलेल्या तासांच्या ४० टक्के. त्या प्रमाणात वरील पाच तारांकित यंत्र हंगामात सुमारे २९८ युनिटे घेईल. त्याच क्षमतेचे, ३.८५ आयएसईईआर असलेले आणि लेबलावर सुमारे १,००६ युनिटे दाखवणारे तीन तारांकित यंत्र सुमारे ४०२ घेईल. लेबलांवरून २६१ युनिटांची दिसणारी वार्षिक बचत या घरापुरती सुमारे १०४ युनिटांवर येते. दोन यंत्रांच्या किमतीतला फरक किती वर्षांत भरून निघेल, हे याच आकड्यावरून काढायला हवे. लेबलावरील पूर्ण फरक धरून केलेला हिशेब अशा घराला अडीचपट आशावादी ठरतो.

या प्रमाणाच्या हिशेबालाही मर्यादा आहे. रात्री बाहेरची हवा उतरते, त्यामुळे गरज कमी भासायला हवी. पण दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खोलीत सोडत राहतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत लेबलाने धरलेला सौम्यपणा मिळत नाही. दुपारी बारा ते पाच एसी चालवणाऱ्या दवाखान्याची किंवा दुकानाची स्थिती तर अगदीच निराळी असते. लेबलावरची ७४५ युनिटे १,६०० तासांनी भागली तर तासाला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज दिसते, पण धातूच्या पट्टीवर पूर्ण भाराची वीज १,४०० वॅट लिहिलेली असेल, तर एप्रिलच्या दुपारी तेच यंत्र तासाला जवळपास १.४ युनिटे घेऊ शकते, म्हणजे तिप्पट. चाळीस अंशांपुढच्या तासांना लेबलाच्या गणितात अगदी थोडा वाटा आहे. शिवाय चाचणीत आतल्या खोलीचे तापमान २७ अंश धरलेले असते. १८ अंशांवर बटण ठेवणाऱ्याने लेबलावरच्या आकड्याची अपेक्षा ठेवू नये.

युनिटांचे रुपये करताना महावितरणच्या घरगुती दराची रचना लक्षात घ्यावी लागते. वीज नियामक आयोगाने ठरवलेले हे दर महिन्याच्या वापराप्रमाणे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा टप्प्यांत चढत जातात, आणि प्रत्येक टप्प्यातील युनिटांना त्याच टप्प्याचा दर लागतो. एसीची युनिटे घरातल्या नेहमीच्या वापराच्या वर येऊन बसतात, म्हणून त्यांना बिलाचा सरासरी दर लावणे चुकीचे ठरते. वरील उदाहरणात एप्रिलच्या तीस रात्रींत पाच तारांकित यंत्र सुमारे ११२ युनिटे घेते आणि तीन तारांकित सुमारे १५१. ज्या घराचा एरवीचा वापर ९० युनिटे आहे तेथे एकूण २०२ किंवा २४१ होतात. दोन्ही वेळा बिल दुसऱ्याच टप्प्यात राहते आणि वाचलेल्या ३९ युनिटांना त्या टप्प्याचा दर मिळतो. फ्रिज, पाण्याची मोटर आणि दोन-तीन पंखे मिळून एरवीच १६० युनिटे वापरणाऱ्या घरात मात्र एकूण २७२ किंवा ३११ होतात, म्हणजे तीन तारांकित यंत्र ११ युनिटांना तिसऱ्या टप्प्याच्या चढ्या दरात ढकलते, आणि तेच लेबल, त्याच गावात, पण शेजारच्या घराला अधिक रुपये वाचवून देते. म्हणून विक्रेत्याकडून आलेल्या छायाचित्राशेजारी गेल्या वर्षीचे एप्रिल आणि मे महिन्याचे वीजबिल ठेवले, तरच त्यावरील ७४४.७५ हा आकडा त्या घरापुरता वाचता येतो.