हवा कशी सुटते, ते सांगा

मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या माणसाला क ते म ही पंचवीस ‘स्पर्श व्यंजने’, य-र-ल-व हे अर्धस्वर आणि श-ष-स हे उष्मे असे वर्ग तोंडपाठ असतात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची, म्हणजे आयपीएची चाचणी सोडवताना नेमके हेच पाठांतर आडवे येते. ही लिपी पॅरिसमध्ये १८८६ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने तयार केली. तिच्या व्यंजनांच्या तक्त्यात उभ्या रकान्यांवरून आवाज तोंडात कुठे होतो ते कळते आणि आडव्या ओळींवरून कसा होतो ते. आपल्या चाचणीत फक्त ‘कसा’ एवढेच विचारले आहे.

खालची आठ चिन्हे कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे यांतला एक प्रकार लिहा: स्फोटक (हवा पूर्ण अडते आणि सुटते), नासिक्य (तोंड बंद, हवा नाकातून), घर्षक (फट अरुंद, हवा घासत जाते), स्पर्शघर्षक (आधी अडते, मग घासत सुटते), ताडित (जिभेचा एकच निसटता फटका), अर्धस्वर (अवयव जवळ येतात, पण घर्षण नाही), पार्श्विक (हवा जिभेच्या कडांवरून).

१) [ɖ]  २) [ŋ]  ३) [j]  ४) [x]  ५) [ʋ]  ६) [ɾ]  ७) [ɭ]  ८) [t͡s]

उत्तरे लिहून झाली की मगच पुढे वाचा.

पहिले स्फोटक. हा ‘डबा’तला ड, इथे कुणी चुकत नाही. दुसरे नासिक्य. ‘अंक’ म्हणताना क च्या आधी येतो तो हा आवाज. शाळेच्या हिशेबाने ङ स्पर्श व्यंजनच, आणि तोंडापुरते ते खरेही आहे, कारण जीभ मागे टेकून वाट बंद करते. पण तक्त्यात नासिक्यांची ओळ वेगळी आहे. खात्री करायची तर आवाज लांबवत असताना नाक चिमटीत धरा. आवाज जागीच थांबला, तर तो नासिक्य.

तिसऱ्याने बरेच जण फसतात. [j] म्हणजे ज नव्हे, ‘यश’मधला य, म्हणून उत्तर अर्धस्वर. जर्मन लोक हे अक्षर असेच उच्चारतात. चौथे, [x], घर्षक. जर्मन संगीतकार बाख याच्या नावाच्या शेवटी तो ऐकू येतो. आपल्या ख मध्ये हवा आधी पूर्ण अडते, इथे ती अडतच नाही. पाचवे पुन्हा अर्धस्वर, म्हणजे मराठी ‘वारा’तला व. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही. ती घासू लागली की चिन्ह [v] होते आणि उत्तर घर्षक.

सहाव्याचे उत्तर ताडित. र ला अर्धस्वर म्हणायची आपली सवय इथे गुण घालवते. शेजारचे [r] मात्र कंपित, त्यात जिभेचे टोक लागोपाठ थरथरते. स्पॅनिशमध्ये या फरकाने अर्थच पालटतो: पहिल्या र ने ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, दुसऱ्याने ‘कुत्रा’. सातवे पार्श्विक, ‘बाळ’मधला ळ. जीभ ळ च्या जागी टेकवून ठेवा आणि श्वास आत ओढा. जिभेच्या कडांना गार लागेल, हवेची वाट तीच. भरभर बोलताना अनेकांचा ळ ताडिताकडे झुकतो हे खरे, पण प्रश्न चिन्हाचा आहे, तुमच्या बोलण्याचा नाही.

आठवे मला सगळ्यांत आवडते. [t͡s] हा ‘चाक’मधला च, स्पर्शघर्षक. तो मुख्य तक्त्यात शोधून सापडणार नाही, कारण तो दोन चिन्हे वर कंस टाकून जोडलेला आहे. ‘चाक’ म्हणताना च लांबवून पाहा. सुरुवातीचा अडथळा लांबत नाही, उरतो तो नुसता स. आता ‘चार’ म्हणा आणि तसेच करा. या वेळी श उरेल, म्हणून त्याचे चिन्ह [t͡ʃ]. मराठी माणसाला हे दोन च इतके वेगळे वाटतात, की तो त्यांना दोन प्रकारांत टाकायला निघतो. प्रकार मात्र एकच आहे. फरक जागेचा: ‘चाक’चा च दातांपाशी, ‘चार’चा त्याच्या थोडा मागे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचा, यांतल्या दोन ज ची गोष्टही हीच.

दुसरे, सहावे आणि आठवे बरोबर आले असेल, तर शाळेतल्या वर्गांच्या पकडीतून तुम्ही सुटलात. ते चुकले असेल, तर आणखी चार चिन्हे घ्या: [ɲ], [ʂ], [d͡z], [c]. उत्तरे अनुक्रमे नासिक्य, घर्षक, स्पर्शघर्षक आणि स्फोटक. शेवटच्याला च समजून स्पर्शघर्षक लिहिले असेल, तर तो गुण कापा.