तीन स्टारचा दिवा

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले वोज कारागीर डोकऱ्याचे दिवे ओततात तेव्हा मातीचा साचा दरवेळी फोडावा लागतो. म्हणून हुबेहूब सारखे दोन दिवे निघत नाहीत. २०१८ मध्ये 'आदिलाबाद डोकरा'ला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ऑनलाइन गिऱ्हाईक एक फोटो बघून दुसराच दिवा घेतं. त्याचा अनुभव दुकानदारापर्यंत परत येणं इथे फार गरजेचं आहे.

आदिलाबादमध्ये एक ताई हे दिवे अ‍ॅमेझॉनवर विकतात. त्यांचं पॅकिंग बघत बसलो होतो. खोक्यात जाणाऱ्या चिठ्ठीवर एवढंच असतं: दिवा लिंबाने घासा, धुऊन लगेच कोरडा करा, काही बिघाड असेल तर ऑर्डरच्या पानावरून कळवा. स्टारचं नावही नाही. "आवडलं तर पाच स्टार द्या, नाहीतर आम्हाला सांगा," असं छापा म्हणून त्यांना अनेकांनी सुचवलं होतं. वाक्य सौजन्याचं वाटतं, पण अ‍ॅमेझॉनचा नियम मोडतो तो त्यातल्या 'तर'मुळे. खूश माणूस रिव्ह्यूकडे आणि नाराज माणूस आडबाजूला, अशी ती चाळणी होते. रिव्ह्यूच्या बदल्यात कूपन किंवा भेट देणंही बंद आहे.

मग मागायचं कसं? विक्रेत्याच्या खात्यात प्रत्येक ऑर्डरपुढे Request a Review हे बटण असतं. माल पोचल्यावर ५ ते ३० दिवसांत ते एकदाच दाबता येतं. मजकूर अ‍ॅमेझॉनचा ठरलेला, त्यात स्वतःचा शब्द घालता येत नाही. ताई परतीची मुदत संपल्यावर सगळ्या ऑर्डरींना ओळीने दाबत जातात; ज्याने तक्रार केली होती त्यालाही. मला हे फार मोलाचं वाटलं, कारण निवडून दाबलं की तीच चाळणी मागच्या दाराने येते.

नांदेडच्या नातेवाइकांनी "आम्ही लिहितो की!" म्हटलं, त्यांना ताईंनी नाही म्हणून सांगितलं. घरच्यांचे रिव्ह्यू अ‍ॅमेझॉनवर चालत नाहीत. विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून लिहायला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच मनाई आहे.

बटण दाबून गेलेल्या अशाच एका विनंतीवर तीन स्टार आले: "फोटोत मोठा वाटला, हातात छोटा निघाला." अशा वेळी पैसे परत करून 'तेवढा रिव्ह्यू बदला' म्हणण्याचा मोह होतो. पैसे परत करता येतात, पण ते रिव्ह्यूला बांधता येत नाहीत. ताईंनी त्या गिऱ्हाइकाला काही लिहिलं नाही. दिवा तळहातावर ठेवून नवा फोटो काढला, उंची पहिल्याच ओळीत आणली, वजन 'सुमारे' म्हणून दिलं आणि प्रत्येक नग थोडा वेगळा असतो हेही लिहिलं.

तेव्हापासून आकाराची कुरकुर थांबली आहे. आता खडबडीत पृष्ठभागाची येते; त्यासाठी जवळून काढलेला फोटो पानावर चढवायचा आहे.