राजीनाम्यामागचा प्रसंग

१९९१ साली अमेरिकेतल्या ‘डेलॉइट अँड टूश’ या लेखापरीक्षण कंपनीत पार्टनरपदासाठी ५० नावं पुढे आली. त्यांत स्त्रिया होत्या फक्त ४. कंपनी १९८० पासून कॉलेजांतून मुलींची भरपूर भरती करत होती, मग त्या गेल्या कुठे? वरिष्ठांकडे उत्तर तयार होतं: मुलंबाळं झाली की बायका घरी बसतात, त्याला कंपनी काय करणार? प्रमुख माइक कुक यांनी मात्र या उत्तरावर विसंबून न राहता शोध घ्यायचं ठरवलं. ‘कॅटॅलिस्ट’ या बाहेरच्या संशोधन संस्थेने नोकरी सोडून गेलेल्या स्त्रियांना गाठून विचारलं. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक जणी वर्षभरानंतर दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी करत होत्या. लहान मुलांसाठी घरी थांबलेल्या १० टक्केही नव्हत्या. त्या गेल्या होत्या, कारण मोठी, वाढीची कामं पुरुषांकडे जात होती आणि इथे आपण वर चढू असं त्यांना वाटत नव्हतं. मग प्रत्येक कार्यालयात कुणाला कोणतं काम मिळतं याची तपासणी सुरू झाली. २००० पर्यंत स्त्री पार्टनरांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेलं.

जाणाऱ्या माणसाशी बोलण्याची ही पद्धत आज आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत आहे. तिला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. पण बऱ्याच ठिकाणी ती शेवटच्या दिवशी भरायच्या एका फॉर्मवर येऊन थांबते. लॅपटॉप जमा करायचा, आयकार्ड द्यायचं आणि कारणाच्या रकान्यात ‘चांगली संधी’ किंवा ‘वैयक्तिक कारण’ यावर खूण करून सही करायची. रिलीव्हिंग लेटर अजून हातात नाही, फुल अँड फायनलचे पैसे यायचे आहेत, उद्या नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी इथेच फोन करणार. अशा वेळी साहेबांबद्दल खरं कोण लिहील? माणूस खोटारडा नसतो, सावध असतो.

म्हणून प्रश्नांच्या आधी वेळ आणि विचारणारा ठरवावा लागतो. एव्हरेट स्पेन आणि बोरिस ग्रॉयसबर्ग या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त या विषयावर लिहिलं होतं. त्यांचा कल असा, की मुलाखत थेट वरिष्ठाने न घेता त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याने घ्यावी. वेळ राजीनाम्याचा पहिला आवेग ओसरल्यावरची, पण मन पुरतं बाहेर पडण्याआधीची असावी. आपल्याकडे आयटीत नोटिस पीरियड ६० ते ९० दिवसांचा असतो, तेव्हा मधला पंधरवडा बरा. वरचा अधिकारी स्वतःच वादात असेल, तर एचआरमधल्या दुसऱ्या विभागाच्या माणसाने बसावं.

आता प्रश्न. ‘नोकरी का सोडताय?’ या प्रश्नाला माणसाजवळ घडी घातलेलं उत्तर असतं. नातेवाइकांना, मित्रांना, नव्या कंपनीला देऊन ते गुळगुळीत झालेलं असतं. ‘मॅनेजरशी पटत नव्हतं का?’ हा प्रश्न त्याहून वाईट, कारण तो उत्तर तोंडात घालतो. मत विचारण्यापेक्षा प्रसंग विचारला की बोलणं मोकळं होतं.

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली टेस्टिंग इंजिनिअर समोर बसली आहे, अशी कल्पना करा. फॉर्मवर तिने ‘जास्त पगार’ लिहिलंय.

“दुसरीकडे बघावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?”

“एप्रिलमध्ये. तेव्हाच प्रोफाइल अपडेट केलं.”

“तेव्हा काय झालं होतं?”

“अप्रेझलचं रेटिंग मेलवर आलं. एक पायरी खाली. का, ते कुणी बोललंच नाही.”

“तुम्ही कुणाला विचारलंत?”

“टीम लीडला दोनदा. ते म्हणाले, वरून आलंय.”

पगाराचं कारण खोटं नव्हतं. नवी कंपनी खरंच जास्त देत होती. पण शोध सुरू झाला तो रेटिंगवर कुणी न बोलल्यामुळे. असे तीन-चार प्रश्न पुरतात: विचार कधी आला, तेव्हा काय घडलं, कुणाला सांगितलं, पुढे काय झालं. शेवटी एक ताळ्याचा प्रश्न असावा: ‘काय वेगळं असतं तर तुम्ही थांबला असतात?’ उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. ‘संवादाचा अभाव’ असं सारांशून लिहिलं की ‘वरून आलंय’ हरवतं, आणि नेमकं तेच उपयोगाचं असतं.

एका गोष्टीचं भान हवं. ‘हे कुणालाच कळणार नाही’ असं वचन मुलाखतकाराने देऊ नये. बोलण्यातून लैंगिक छळाची गोष्ट निघाली, तर ती अहवालातला मुद्दा राहत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे घटनेपासून साधारण तीन महिन्यांत तक्रार करता येते, हे त्या व्यक्तीला तिथेच सांगायला हवं.

वर्षभराच्या मुलाखती जमल्या की एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी दोन रकाने करावेत: सांगितलेलं कारण आणि घडलेला प्रसंग. प्रसंगांना आठ-दहा नावं पुरेत. चाळीस केली तर प्रत्येकात एकेकच माणूस उरतो. पहिल्या दहा मुलाखतींना दोघांनी एकमेकांचं न बघता नावं द्यावीत आणि मग ताडून पाहावं. जुळत नसतील, तर नावांच्या व्याख्या ढिल्या आहेत.

तेच उदाहरण पुढे नेऊ. समजा टेस्टिंगमध्ये ६० जण, त्यांतले १५ वर्षात गेले आणि १३ जण बोलले. फॉर्मवर ९ जणांनी पगार लिहिला होता. प्रसंगांच्या रकान्यात मात्र ७ जणांची सुरुवात एप्रिल-मेमध्ये, अप्रेझलनंतर झालेली दिसते. इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो. अप्रेझल सगळ्यांचंच होतं आणि एप्रिलमध्ये बाजारात नोकऱ्याही निघतात. म्हणून डेव्हलपमेंटकडे बघायचं. तिथेही ९० पैकी १४ गेले, पण रेटिंगचा प्रसंग दोघांनीच सांगितला. शिवाय राहिलेल्या काही टेस्टर्सना विचारायचं, की रेटिंगवर त्यांच्याशी कुणी बोललं होतं का. त्यांच्याशीही कुणी बोललं नसेल, तर ती सगळ्या विभागाची अडचण आहे. जाणाऱ्यांनी ती फक्त आधी सांगितली.

वरिष्ठांसाठीचा अहवाल एका पानाचा असावा. तीस स्लाइड कुणी वाचत नाही. त्यातलं मुख्य वाक्य असं असेल: ‘टेस्टिंग सोडणाऱ्या १३ पैकी ७ जणांनी शोधाची सुरुवात रेटिंग मेलवर मिळाल्यानंतर झाल्याचं सांगितलं, डेव्हलपमेंटमध्ये असे दोघे.’ ‘५४ टक्के’ लिहू नये. इतक्या थोड्या माणसांत टक्केवारी भलताच भरवसा देते. खाली दोन-तीन उद्गार, पण ओळख पुसलेले. ‘बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर’ एवढ्या शब्दांनीही छोट्या टीममध्ये माणूस ओळखू येतो. पाचांपेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे वेगळे न दाखवणं बरं. कुणा टीम लीडचं नाव अहवालात नको. मुलाखतींतून मिळते ती एकच बाजू, आणि त्यावर एखाद्याची नोकरी टांगणं अन्याय आहे.

शेवटी एक मागणी, जिला होकार किंवा नकार देता येईल: पुढच्या अप्रेझलला रेटिंग मेलवर जाण्याआधी टीम लीडने प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलावं, आणि त्याची जबाबदारी विभागप्रमुखाच्या नावावर, तारखेसह लिहावी. पुढचा अहवाल सुरू होताना पहिल्या ओळीत हेच असावं, की मागच्या वेळी मागितलेलं झालं की नाही.