हजेरी पंधरा टक्क्यांनी कमी, मग तास किती बसायचे?

जरीपटक्यातली एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. सकाळी घरच्या दुकानाचं शटर उघडून द्यायचं आणि मगच इंदोरा चौकाकडे निघायचं, असा तिचा दिनक्रम. त्यात कॉलेजचा पहिला तास हुकतो. महिन्याअखेर नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते आणि त्यात तिचं नाव दिसतं. एका विषयाचे ४० तास झाले, ती २४ तासांना हजर होती. म्हणजे ६० टक्के. हवेत ७५.

गैरसमज : चाळीसचे ७५ टक्के म्हणजे ३०. आपण २४ बसलो, म्हणजे आणखी सहा तास बसलं की झालं.

वर्गातले निम्मे जण असाच हिशेब करतात. पण पुढचे सहा तास ती बसेल तेव्हा झालेले तास ४० राहणार नाहीत, ४६ होतील. ३० भागिले ४६ म्हणजे जेमतेम ६५ टक्के. हजेरी वाढते तशी एकूण तासांची संख्याही वाढते, आणि गल्लत होते ती इथेच.

खरा हिशेब पाढ्याइतका सोपा आहे. ७५ टक्के म्हणजे चारपैकी तीन, म्हणजेच एका गैरहजेरीमागे तीन हजेऱ्या. तिच्या गैरहजेऱ्या १६. त्यांच्यासाठी १६ त्रिक ४८ हजेऱ्या लागतील. २४ आधीच आहेत, उरल्या २४. एकही तास न चुकवता सलग २४ तास बसली, तर ६४ पैकी ४८, बरोबर ७५ टक्के. सहा नव्हे, चोवीस!

गैरहजेऱ्यांची तिप्पट करा आणि त्यातून हजेऱ्या वजा करा. उत्तर शून्य किंवा उणे आलं तर तुम्ही सुरक्षित. या २४ तासांत एक जरी बुडाला, तर तो भरून काढायला तीन तास जास्तीचे बसावे लागतात. कॅन्टीनमध्ये 'एकच बंक आहे' म्हणणाऱ्याला हे सांगून बघा.

गैरसमज : आता नाही, तर सत्राच्या शेवटी भरून काढू.

यासाठी तेवढे तास उरलेले असायला हवेत. या विषयाचे सत्रभरात ६० तास होणार असतील, तर उरलेत फक्त २०. ते सगळे बसूनही ६० पैकी ४४ होतात, म्हणजे ७३.३ टक्के. तिची वेळ सोळाव्या गैरहजेरीलाच निघून गेली होती, कारण साठचा चौथा हिस्सा १५. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एकूण तास विचारून घ्यावेत आणि त्याचा चौथा भाग वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा. त्याच्या पलीकडे गेलेली गैरहजेरी नंतर कितीही बसलात तरी भरून निघत नाही. जादा तास झाले, तरच गणित बदलतं. तिला असे निदान चार लागतील.

आणि ७४.६ला कुणी ७५ धरेल, अशी आशाही ठेवू नये. नियमात 'किमान' हा शब्द असतो, अपूर्णांक वर ढकलायचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो.

गैरसमज : बाकीच्या विषयांत ९० टक्के आहेत, सरासरीत सांभाळून घेतील.

पहिला तास चुकवणाऱ्याला हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, कारण वेळापत्रकात सकाळी एकच विषय वारंवार आला, तर सगळी गैरहजेरी त्याच्याच खात्यात जमा होते. काही ठिकाणी हजेरी एकत्रित धरतात, काही ठिकाणी विषयवार. बी. फार्म.ला फार्मसी कौन्सिलच्या नियमानुसार प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळे ८० टक्के लागतात. तिथे एका गैरहजेरीमागे चार हजेऱ्या. हीच मुलगी तिथे असती, तर सलग ४० तास बसावे लागले असते.

एकत्रित धरली तरी टक्क्यांची सरासरी काढायची नसते. एका विषयात १० पैकी ९, दुसऱ्यात ४० पैकी २८. टक्के ९० आणि ७०, सरासरी ८० दिसते. प्रत्यक्षात ५० पैकी ३७, म्हणजे ७४. तास मोजायचे असतात, टक्के नव्हे.

गैरसमज : डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं की गैरहजेरी पुसली जाते.

प्रमाणपत्राने मस्टरवरचा आकडा आपोआप बदलत नाही. कमी पडलेली हजेरी माफ करावी, या विनंतीला ते आधार असतं. सीबीएसईत दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरी लागते, आणि आजारपण किंवा राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या खेळातला सहभाग अशा कारणांसाठी कागदपत्रांवर २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. ती द्यायची की नाही, हे मात्र देणारा ठरवतो. आजारी पडलात तर अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या; डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर आणलेल्या जुन्या तारखेच्या कागदाकडे ऑफिसातला क्लार्क कोणत्या नजरेने बघतो, हे वेगळं सांगायला नको.