‘नवे कलेक्शन दाखल’ : एका प्रेस नोटची कथा

घटस्थापना जवळ आली की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांकडे कापडदुकानांच्या प्रेस नोटा येऊ लागतात. बहुतेकींची सुरुवात ठरलेली असते : ‘सणासुदीचे औचित्य साधून शहरातील सुप्रसिद्ध अमुक वस्त्रदालनाने चोखंदळ ग्राहकांच्या सेवेत पैठण्यांचे भव्य फेस्टिव्ह कलेक्शन सादर केले आहे.’ उपसंपादक यातले ‘सुप्रसिद्ध’, ‘चोखंदळ’ आणि ‘भव्य’ खोडतो. मग हाती उरते ते इतकेच, की साड्यांच्या दुकानात साड्या आल्या आहेत. ही काही बातमी नव्हे.

दुकानदाराला वाटते, जाहिरात दिली नाही म्हणून नोट पडून राहिली. तसे कधी होतही असेल. पण बऱ्याचदा कारण साधे असते. नोट व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून आलेली असते किंवा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली, जी उघडल्यावर नुसती चिन्हे दिसतात. रात्री पान लावायच्या घाईत ती पुन्हा टाइप कोण करणार? युनिकोडमधला साधा मजकूर दोन-तीन दिवस आधी आला, तर निदान वाचला तरी जातो.

वाचल्यावर डेस्कवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘पैठणी’ या शब्दावरच. हातमागाची, की यंत्रमागाची? बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणारी साडी बहुधा यंत्रमागाची असते. तिची किंमत हातमागाच्या साडीच्या कितीतरी खाली असते. ती विकण्यात गैर काहीच नाही. रोजच्या समारंभांना तीच परवडते. पण नोटेत दोन्हींना नुसते ‘अस्सल पैठणी’ म्हटले असेल, तर वर्तमानपत्र आपल्याच वाचकाला फसवायला हातभार लावते. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे हे नाव कुठल्याही चमकत्या साडीला लावायचे नसते.

फरक कळतो पदरावर. हातमागाच्या पारंपरिक पैठणीत मोर, मुनिया किंवा कमळ विणताना विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी घेतो आणि एका रंगाचा धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवतो. म्हणून पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागावर धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. नक्षीच्या मागे तो लोंबकळत राहतो किंवा कापून टाकलेला दिसतो. अर्थात काही हातमागांवरही काठासाठी जॅकार्ड वापरतात, त्यामुळे केवळ काठ उलटून निकाल देऊ नये. भरगच्च पदर असेल तर एका साडीला महिनेच्या महिने लागतात. म्हणून ‘हातमागाच्या हजारो पैठण्या ५० टक्के सवलतीत’ असे लिहून आले, की जुना उपसंपादक चष्मा पुसतो आणि दुकानात फोन लावतो.

आता तीच नोट नीट लिहिली तर कशी होईल? दुकान आणि आकडे कल्पित धरू :

‘नाशिक : येवल्याच्या विणकरांनी हातमागावर विणलेल्या ४० पैठण्या शनिवारपासून मेन रोडवरील अमुक वस्त्रदालनात पाहायला व विकत मिळतील. किमती १८ हजार रुपयांपासून आहेत. यंत्रमागाच्या साड्या वेगळ्या विभागात असून त्यांवर तशी चिठ्ठी लावली आहे. शनिवारी व रविवारी सकाळी ११ ते १ या वेळेत एक विणकर दुकानातच माग चालवून दाखवणार आहेत. दसऱ्यापर्यंतची १० टक्के सवलत फक्त यंत्रमागाच्या साड्यांवर आहे.’

मजकूर जेमतेम पाच वाक्यांचा, पण त्यात वाचकाला जायचे की नाही हे ठरवता येते. शेवटचे वाक्य लिहायला मालक नाखूश असतो. सवलत कशावर नाही, हे आपणच कशाला सांगायचे, असे त्याला वाटते. पण ते छापून आले, तर काउंटरवरची अर्धी हुज्जत तिथेच मिटते. आणि खरी बातमी सवलतीत नसून विणकराच्या मागात आहे. वार्ताहर आला तर त्यासाठीच येईल. फोटोही फीत कापणाऱ्या पाहुण्यांचा न पाठवता मागाचा पाठवावा, सोबत विणकराचे नाव-गाव द्यावे. पाहुण्यांचाच पाठवायचा असेल, तर ‘डावीकडून’ म्हणून सगळी नावे शुद्धलेखनासह हवीत. एक नाव चुकले, की दुसऱ्या दिवशी फोन दुकानात नव्हे, वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो.

पैसे देऊन छापलेला मजकूर मात्र वेगळा. वृत्तपत्र परिषदेच्या नियमांप्रमाणे जाहिरात बातमीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलेले असते. ते नसेल, तर वाचकाने विशेषणे मोजावीत. शिवाय एकच मजकूर, त्याच मथळ्यासह दोन-तीन वर्तमानपत्रांत दिसला, तर तो दुकानातूनच आलेला आहे आणि कोणीही पदर उलटून पाहिलेला नाही, असे समजायला हरकत नाही.