रात्रीच्या घामाची कैफियत

वैशाखातल्या काटोलात रात्री घाम आला नाही तरच डॉक्टरांकडे जावे, असे कोणी विनोदाने म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कारण संत्र्यांच्या या तालुक्यात मे महिन्यात दुपारचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबने दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्र उलटेपर्यंत खोलीत उतरत राहते. अशा घामाला कोणी रोग म्हणत नाही, आणि म्हणूही नये. रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना येणारा रात्रीचा घाम हाही सर्वपरिचित असून त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. प्रश्न आहे तो पुरुषांना, तरुणांना आणि त्या वयाच्या अलीकडच्या-पलीकडच्या स्त्रियांना, हवा बरी असूनही, अंगावरचे कपडे बदलावे लागतील इतका जो घाम रात्री येतो त्याचा.

मेंदूतील अधश्चेतक नावाचा लहानसा भाग शरीराचे तापमान किती असावे हे मुक्रर करतो. ही मर्यादा दिवसभर एकसारखी नसते. ती सायंकाळी सर्वांत वर असते, झोप लागताच खाली येऊ लागते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास तळाशी जाते. मर्यादा उतरली की शरीराला तेवढी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि त्यासाठी त्वचेतील रक्तप्रवाह व घाम ही दोन साधने असतात. म्हणजे निरोगी माणसालाही पूर्वरात्री थोडा घाम यायचाच. तो वाळला तर कळतही नाही. न वाळला तर उशी भिजते. मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. परंतु तोच कूलर श्रावणात खिडक्या लावून चालवला, तर आधीच दमट असलेल्या हवेत तो आणखी बाष्प सोडतो, आणि घाम वाळण्याची वाट बंद होते. त्यात फोमची गादी, तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण आणि वर पॉलिएस्टरचे ब्लँकेट असेल, तर दवाखान्यात जाण्यापूर्वी बिछान्याचीच झडती घेणे श्रेयस्कर. आठवडाभर सुती चादर, कापसाची गादी, उघडी खिडकी आणि पंखा एवढा बंदोबस्त करून पाहावा. घाम थांबला तर प्रकरण तेथेच निकालात निघाले.

न थांबल्यास दुसरी शक्यता ज्वराची. शरीरात दीर्घकाळ चालणारा जंतुसंसर्ग असला की रक्षक पेशींतून निघणारी द्रव्ये अधश्चेतकाला ही मर्यादा वर चढवायला लावतात. सायंकाळी अंग कसकसते, थोडी थंडी वाजते. मग उत्तररात्री मर्यादा खाली आली की चढलेली सगळी उष्णता एकदम बाहेर टाकण्यासाठी घामाच्या धारा लागतात. हिवतापात हेच होते, जनावरांच्या कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेलोसिसमध्येही होते. पण आपल्याकडे पहिला संशय घ्यायचा तो क्षयाचा.

समजा, मंडईत संत्र्यांच्या पेट्या उचलणारा चाळिशीचा एक गडी आहे. सायंकाळी सहाला त्याचे अंग 100 अंश फॅरनहाइटपर्यंत तापते, खोकला आहे पण तो बिडीचा म्हणून सोडून दिलेला, आणि दोन महिन्यांत वजन साठ किलोंवरून पंचावन्नावर आले आहे. तो रात्री आठला मेडिकलमधून आणलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतो. ती गोळी ज्वराची मर्यादा जबरदस्तीने खाली ओढते. दहाच्या सुमारास बनियन चिंब होते, अंग गार पडते, आणि घरची मंडळी समाधानाने म्हणतात, ताप घामावाटे गेला. सकाळी तो कामावर हजर होतो. घाम म्हणजे ताप उतरल्याची पावती ही आपली समजूत एका रात्रीपुरती खरी असते, आणि नेमकी म्हणूनच ती घातक ठरते. कारण दुसऱ्या दिवशी सायंकाळी तोच ताप पुन्हा चढतो, आणि या क्रमात महिने निघून जातात. मध्येच कोणी लेव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक पाच-सात दिवस दिले, तर क्षयजंतू काही काळ दबतात, रोग्याला बरे वाटते आणि निदान आणखी लांबते.

या गड्याला प्रथम हवी असते ती बेडक्याची तपासणी. त्यासाठी नुसती थुंकी उपयोगाची नाही. सकाळी उठल्यावर दीर्घ श्वास घेऊन खोकून काढलेला घट्ट बेडका लागतो. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट यांसारखी यंत्रे त्यातील जंतूचा जनुकीय अंश शोधतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, हेही सांगतात. सोबत छातीचा एक्स-रे काढतात. मात्र क्षय फुफ्फुसाबाहेर, गाठींत किंवा मणक्यात असेल तर बेडका निर्दोष येतो, आणि तेवढ्यावरून रोग्याला सोडून देणे चुकीचे ठरते.

मानेतील गाठीच्या बाबतीत तर फारच सावध राहावे. न दुखणारी गाठ, रात्रीचा चिंब घाम आणि सहा महिन्यांत वजनाच्या दशांशाहून अधिक घट, हे वर्णन क्षयाचे असू शकते, तसेच लिम्फोमा या लसीका-ग्रंथींच्या कर्करोगाचेही असू शकते. म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करणे मला समर्थनीय वाटत नाही.

आता औषधांची बाजू. नैराश्यावरील सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांनी काहींना रात्री घाम येतो. तो त्रासदायक असला तरी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी मसलत करून मात्रा किंवा वेळ बदलून घ्यावी. परंतु एका घामाला सकाळपर्यंतची मुदत देता येत नाही, आणि तो म्हणजे मधुमेह्याचा. ग्लिमेपिराइड वा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्या किंवा इन्सुलिन टोचणाऱ्या माणसाने एकादशी धरली, भगर-दाण्यांची आमटी बेतानेच खाल्ली आणि औषध मात्र नेहमीप्रमाणे घेतले, की पहाटे दोन-तीनला रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. तो गार, चिकट घामाने जागा होतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. रक्तदाबासाठी तो मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल घेत असेल, तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही, कारण घर्मग्रंथींना आज्ञा देणारे द्रव्य वेगळे आहे, आणि अशा रोग्यात घाम हाच काय तो साक्षीदार उरतो. ग्लुकोमीटर असल्यास साखर मोजावी, नसल्यास वाट पाहू नये. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. छातीत दुखून गार घाम सुटला, तरीही हाच मार्ग.

अतिक्रियाशील थायरॉइड आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार ही कारणेही डॉक्टर विचारात घेतात. पुष्कळदा कोणतेच कारण हाती लागत नाही. ताप नाही, वजन स्थिर, गाठ नाही, अशा घामामागे गंभीर रोग क्वचितच निघतो. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभराची नोंद ठेवावी: सायंकाळी सहाचे तापमान, घामाची वेळ, त्या दिवशी घेतलेल्या सर्व गोळ्या आणि आठवड्याच्या आरंभीचे व शेवटीचे वजन. ताप, खोकला किंवा वजनातील घट यांपैकी काही आधीच सोबत असेल, तर या नोंदीसाठीही थांबू नये. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला किंवा ताप आणि त्याच्या जोडीला रात्रीचा घाम असलेल्या प्रत्येकाने काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन क्षयाची तपासणी करण्यास सांगावे. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि पुढील किमान सहा महिन्यांचा औषधोपचार विनामूल्य आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 1,000 रुपये रोग्याच्या बँकखात्यात जमा करण्याची तरतूदही आहे.