बेअर मेटल रिस्टोअर

बेअर मेटल रिस्टोअर म्हणजे संचालन प्रणाली नसलेल्या कोऱ्या संगणकावर पूर्वी घेतलेल्या सिस्टम इमेजच्या साहाय्याने जुना संगणक जसाच्या तसा उभा करणे होय. यात फक्त कागदपत्रांच्या फाइल्स परत येत नाहीत, तर संचालन प्रणाली, स्थापित सॉफ्टवेअर, त्यांच्या मांडण्या, वापरकर्त्यांची खाती आणि डिस्कवरील विभाजनांची रचनाही परत येते. नेहमीच्या बॅकअपमधून फाइल परत मिळवण्यासाठी चालू स्थितीतील संगणक लागतो. येथे मात्र तो संगणकच नसतो, असे गृहीत धरलेले असते.

सिस्टम इमेज

सिस्टम इमेज ही डिस्कच्या वापरात असलेल्या खंडांची प्रत असते. आधुनिक विंडोज संगणकाच्या डिस्कवर साधारणपणे एक छोटे ईएफआय विभाजन, विंडोजचे मुख्य विभाजन आणि दुरुस्तीसाठीचे विभाजन असते. ईएफआय विभाजन बहुधा शंभर-दोनशे मेगाबाइटचे असते व फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. पण बूट लोडर त्यातच असल्याने ते इमेजमध्ये घेतले नसेल, तर पुनर्स्थापित संगणक आपोआप सुरू होत नाही. केवळ ‘सी ड्राइव्ह’ची प्रत घेऊन तिलाच पूर्ण इमेज समजणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय.

संगणक चालू असताना इमेज घेतली, तर फाइल्स त्याच वेळी बदलत असतात. विंडोजमधील शॅडो कॉपी सेवा एका क्षणाचे स्थिर चित्र गोठवून देते व इमेज त्या चित्रावरून तयार होते.

प्रक्रिया

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव येथील एखाद्या सहकारी संस्थेच्या कार्यालयाचे कल्पित उदाहरण घेता येईल. तेथील जुन्या संगणकात ५०० जीबीची हार्ड डिस्क असून तीपैकी १२० जीबी जागा वापरात आहे. दर रविवारी बाह्य डिस्कवर इमेज घेतली जाते. गुरुवारी वीज पडून मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही निकामी होतात. बाह्य डिस्क त्या वेळी संगणकाला जोडलेली नसल्याने शाबूत राहते. जोडलेली असती, तर कदाचित तीही गेली असती.

नव्या संगणकासाठी डिस्क निवडताना आकडा नीट पाहावा लागतो. वापरातील माहिती १२० जीबी असली, तरी विंडोजची अंगभूत इमेज-सुविधा आणि क्लोनझिलासारखी साधने मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी डिस्क अपेक्षितात. त्यामुळे ५१२ जीबीची एसएसडी चालते, तर ४८० जीबीची नाकारली जाते. काही अन्य साधने विभाजन आकसून लहान डिस्कवरही बसवू शकतात.

इमेज घेणाऱ्या साधनाने बनवलेल्या बचाव-पेनड्राइव्हवरून नवा संगणक सुरू केला जातो, बाह्य डिस्क जोडली जाते, इमेज निवडली जाते आणि नव्या डिस्कवर लिहिली जाते. या टप्प्यावर नव्या डिस्कवरील सर्व काही पुसले जाते. म्हणून चुकून बाह्य डिस्कच लक्ष्य म्हणून निवडली गेली नाही ना, हे तिच्या आकारमानावरून तपासावे लागते. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाल्यास १२० जीबी उतरण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. खरा वेळ बहुधा त्यानंतर जातो.

नव्या यंत्रावरील अडचणी

इमेजमधील विंडोज जुन्या यंत्रासाठी घडलेली असते, तर तिच्या सभोवतालचे यंत्र आता वेगळे असते. संगणक कोणत्या टप्प्यावर अडतो, यावरून दोष कोठे आहे ते ओळखता येते.

बचाव-पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर नवी डिस्क यादीतच दिसत नसेल, तर बचाव-प्रणालीकडे साठवण नियंत्रकाचा ड्रायव्हर नसतो. अकराव्या व त्यापुढील पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या अनेक संगणकांत व्हीएमडी ही सुविधा चालू असते आणि तिच्यासाठी वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो.

इमेज उतरली, पण बूट करण्याजोगी डिस्क नाही असा संदेश येत असेल, तर बहुधा जुना संगणक बायोस पद्धतीने आणि नवा यूईएफआय पद्धतीने सुरू होत असतो. जुन्या डिस्कवर एमबीआर रचना व नव्या यंत्राला जीपीटी रचना हवी, असा हा विसंवाद आहे. विंडोज १० किंवा ११ ची ६४ बिट आवृत्ती असल्यास बचाव-प्रणालीतून पुढील आज्ञेने रूपांतर करता येते :

```
mbr2gpt /convert /disk:0
```

३२ बिट विंडोज मात्र ६४ बिट यूईएफआयवर सुरू होत नाही. नव्या यंत्रात जुन्या बायोस पद्धतीची सोय नसेल, तर अशा इमेजमधून केवळ फाइल्स काढून घेता येतात.

विंडोजचे चिन्ह दिसते आणि लगेच निळ्या पडद्यावर INACCESSIBLE_BOOT_DEVICE ही ओळ येते, ही तिसरी स्थिती. बूट लोडरने आपले काम केलेले असते, पण विंडोजला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही. ड्रायव्हरची फाइल प्रणालीत असणे आणि तो आरंभीच चढवण्यासाठी नोंदलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादकाकडून मिळालेला ड्रायव्हर निद्रिस्त विंडोजमध्ये बाहेरून घालता येतो. बचाव-प्रणालीत ड्राइव्हची अक्षरे बदलतात. येथे विंडोज D: वर, पेनड्राइव्ह E: वर आणि ईएफआय विभाजन S: वर धरले आहे.

```
dism /Image:D:\ /Add-Driver /Driver:E:\vmd /Recurse
bcdboot D:\Windows /s S: /f UEFI
```

दुसरी ओळ बूट लोडर नव्याने लिहिते.

इमेजसोबत न येणाऱ्या गोष्टी

डिस्कवर नसलेली कोणतीही गोष्ट इमेजमध्ये येत नाही. बिटलॉकरची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएममध्ये बंद असते. चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमधील माहिती उलगडलेल्या रूपात असते, म्हणून पुनर्स्थापित डिस्क कूटबद्ध नसते व ती पुन्हा कूटबद्ध करावी लागते. बाह्य डिस्क चोरीस गेल्यास तीही उघडीच असते, जर इमेजला वेगळा पासवर्ड दिला नसेल. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना जुन्या मदरबोर्डशी बांधलेला असल्याने नव्या यंत्रावर विंडोज सक्रिय नसल्याचे दाखवू शकते. वरील उदाहरणात सोमवार ते गुरुवारच्या नोंदीही परत येत नाहीत. त्यांच्यासाठी हिशेबाच्या फाइल्सचा दैनंदिन बॅकअप वेगळा लागतो.

न्हावा शेवा येथील घटना

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रणालीने डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाशी संबंधित गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. नॉटपेट्या डिस्कच्या आरंभीचा बूट विभाग बदलून फाइल्सची सूची कूटबद्ध करते. यंत्र शाबूत असले, तरी संगणक कोराच झालेला असतो.

मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले. पण कोणत्या वापरकर्त्याला कोठे प्रवेश आहे हे ठरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरचा बॅकअप कोठेच नव्हता. हे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी जुळवून घेत असल्याने एक गेला तर दुसरा आहे, असे मानले गेले होते. एकाच वेळी सर्वच पुसले जातील ही शक्यता धरलेली नव्हती. घाना येथील एक डोमेन कंट्रोलर हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता आणि म्हणून बचावला. त्याची माहिती ब्रिटनमध्ये नेऊन पुढील उभारणी करण्यात आली. कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्यानुसार, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.